मागचा आवाज

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना स्क्रीनवरच्या शिकवणीचा वीट आला, त्याला कारण होतं. आठवड्याला ठरलेल्या वेळी समोर एक चेहरा उगवायचा, पहिली काही मिनिटं "येतोय का आवाज, येतोय का" यात जायची, मग कुणाची तरी सासू मागून फिरायची, कुणाचा कुत्रा भुंकायचा. शेवटी उरलेल्या वेळात बाई काय शिकवणार, कपाळ? त्यात त्या व्हिडिओच्या ॲपला व्हायोलिनचा लांब सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटायची. विद्यार्थ्याने गज लांब ओढला की ॲप इमानदारीत तो सूरच गिळून टाकायचं. बाईंना दिसायचा हलणारा हात, आणि ऐकू यायचं काहीच नाही.

शिवाय असं शिकवणारे आता गल्लोगल्ली झाले होते. दोन विद्यार्थी गळाले, मग आणखी एक. बाईंची धाकटी बहीण त्याच घरात राहायची. जाहिरातींसाठी आवाज जोडायचं काम ती आतल्या खोलीत बसून करायची. ती म्हणाली, ताई, जे सगळे विकतात तेच तू विकशील तर माश्या मारत बसशील.

मग दोघी बहिणी चहाचे कप घेऊन बसल्या आणि एकेक कल्पना काढून तिची साल सोलू लागल्या. शिकवणीचे व्हिडिओ एकदाच तयार करून विकावेत, तर तसे फुकटात ढिगाने पडलेत. सकाळची रियाजाची खोली उघडावी, सगळ्यांनी आपापले माइक बंद ठेवून एकत्र सराव करावा, बाईंनी एकेकाचं ऐकावं. हे बरं होतं, पण मग पुन्हा तेच चेहरे, त्याच सासवा. एकाच माणसाला भेट देण्यासाठी एकच गाणं शिकवावं, हेही चांगलं होतं, पण असे हौशी वर्षाला किती मिळणार? शेवटी धाकटीलाच सुचलं. इंटरनेटवर सगळ्यांना एका वेळी वाजवता येत नाही, कारण एकाचा आवाज दुसऱ्याकडे उशिरा पोचतो. मग एका वेळी वाजवायचंच कशाला? बाईंनी एक रचना करायची, प्रत्येकाला त्याच्या कुवतीचा तुकडा द्यायचा. प्रत्येकाने कानात इअरफोन घालून बाईंचा ताल आणि आधारसूर ऐकायचा आणि आपला तुकडा घरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. बाई प्रत्येक टेक ऐकून बोलून उत्तर देणार, टेक सुधारत जाणार, आणि शेवटी धाकटी सगळ्यांचे सूर एकावर एक ठेवून वाद्यवृंद उभा करणार.

"कॅमेरा नाही, चेहरा नाही, घर नाही," बाई म्हणाल्या. "फक्त आवाज."

हेच वाक्य त्यांनी जाहिरातीत घातलं, आणि त्यावरच लोक भाळले. घरचा पसारा दाखवायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, म्हटल्यावर कुणाला नको असेल? बघता बघता वृंद भरला. बाई किती तरी दिवसांनी गुणगुणत वावरू लागल्या.

त्या वृंदात एक वयस्क गृहस्थ होते. तरुणपणी थोडं वाजवलेलं, मग नोकरीत वाद्य पेटीत पडून राहिलेलं. त्यांच्या लेकीने परस्पर नाव नोंदवून त्यांना हा वर्ग भेट दिला होता. हात जड होता, पण गज सरळ जायचा आणि माणूस सांगितलेलं ऐकायचा. एवढं निमूट ऐकणारा विद्यार्थी बाईंना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. बाईंनी त्यांना सोपा पण मोलाचा तुकडा दिला. खालच्या सप्तकातला पंचम, लांब लांब धरायचा. बाकी सगळ्यांचं वाजवणं त्या सुरावर उभं राहणार होतं.

त्यांचा पहिला टेक आला आणि धाकटीने कानावरचा हेडफोन काढून ताईला दिला. सुराच्या मागे घुंऽऽ असा एक आवाज होता. एकसारखा, न थांबणारा. त्यात ठरावीक वेळाने एक फुस्स.

"काचेच्या पेटीत मासे पाळलेत वाटतं," धाकटी म्हणाली. "ती हवेची मोटर असते ना, तिचा आवाज."

त्या दिवसापासून ते गृहस्थ या घरात मासेवाले काका झाले. बाई हसल्या. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

पण गंमत पुढे राहिली नाही. दुसरा टेक, तिसरा टेक, पंचम थोडासा उतरलेला. बाईंनी कान लावून शोधून काढलं. ती मोटर काकांच्या पंचमापेक्षा किंचित खाली गुणगुणत होती, आणि काका कानात बाईंचा सूर असूनही नकळत मोटरशी मिळवून घेत होते. दिवसरात्र ज्या सुरात माणूस राहतो, तोच त्याच्या कानात घर करतो. बाईंना आपल्या या शोधाचा फार अभिमान वाटला. हे आठवड्याच्या शिकवणीत सापडलं असतं का? कधीच नाही, तिथे ॲपनेच ती घरघर पुसून टाकली असती.

धाकटी म्हणाली की मोटरचा आवाज तिला संगणकावर काढता येईल, पण तो काकांच्या सुराच्या इतका जवळ आहे की सोबत व्हायोलिनचं अंगही जाईल, मागे पत्रा वाजल्यासारखा आवाज उरेल. म्हणजे मोटर मुळातच बंद व्हायला हवी. बाईंनी काकांना बोलून निरोप पाठवला. तुमच्याकडे मागे कसली मोटर चालू असते का, म्हणून विचारलं. काकांनी लिहून कळवलं, "हो बाई, मशीन आहे. घरात लागतं."

आता एवढं वाचून दुसऱ्या कुणी विचारलं असतं, कसलं मशीन? बाईंनी नाही विचारलं. एक तर त्यांच्या डोळ्यांपुढे मासे ठाम पोहत होते. दुसरं म्हणजे घरातलं काही विचारायचं नाही हा त्यांनीच केलेला नियम, आणि नियमाचं त्यांना नवसाने झालेल्या पोरासारखं कौतुक होतं. त्यांनी पुन्हा निरोप बोलून पाठवला, तोही हसत.

"काका, रेकॉर्ड करताना तेवढं मशीन बंद ठेवा बघू. दहा मिनिटं बंद राहिलं तर कुणी मरत नाही."

या निरोपाला काकांचं उत्तर लगेच आलं नाही. एरवी ते निरोप मिळाला की दोन्ही हात जोडलेलं चित्र पाठवायचे. या वेळी दुसऱ्या दिवशी थेट टेक आला. मागे स्वच्छ शांतता. घुंऽऽ नाही, फुस्स नाही. आणि पंचम थोडा वर सरकलेला, अजून पुरता नाही, पण वाटेवर.

बाई खूश झाल्या. त्यांनी आणखी एक टेक मागितला. मग आणखी एक. काका पाठवत गेले. वृंद ऐकवायचा दिवस ठरला होता. विद्यार्थ्यांनी आपापल्या गोतावळ्याला सांगून ठेवलं होतं, पुढच्या वृंदासाठी लोक आत्ताच चौकशी करत होते. आणि सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे काकांचा पंचम. बाकीचे सूर आले, बसले, जुळले, पंचमाची जागा मात्र रिकामी. बाईंना झोप लागेना. गोड बोलून पण हट्टाने त्या काकांना एकेका वेळी तीन तीन, चार चार टेक घ्यायला लावू लागल्या. सलग घ्या म्हणायच्या, मधे थांबलं की कान थंड पडतो. फोन विमानाच्या खुणेवर टाकून ठेवा म्हणायच्या, म्हणजे मधेच घंटी वाजून टेक वाया जाणार नाही. शेवटचा सूर संपला की काही क्षण अजिबात हलू नका, मागची शांतता आम्हाला जोडणीला लागते, असंही त्यांनी शिकवलं होतं. यातलं एकही चुकीचं नव्हतं. कुठल्याही जाणकाराने हेच सांगितलं असतं.

वृंद ऐकवायच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंनी काकांना शेवटचा निरोप पाठवला. आज टेक आला तरच धरता येईल. आज घाई करू नका, सूर बसेपर्यंत घ्या, लागेल तेवढा वेळ घ्या. काकांनी लिहिलं, "घेतो बाई. ही पण म्हणते आज होणारच."

ही कोण, ते बाईंना उमगलं. काकू. काकूंचा उल्लेख पहिल्यांदाच आला होता. बाईंना छान वाटलं, घरात ऐकणारं माणूस असलं की वाजवणाऱ्याला बळ येतं.

टेक यायला वेळ होता म्हणून दोघी बहिणी काकांचे जुने टेक घेऊन बसल्या. नाहीच आला नवा, तर यातलेच बरे तुकडे जोडून काही होतंय का बघावं. धाकटीने मागची शांतता तपासायला आवाज अगदी वर चढवला आणि ती थबकली.

"ताई, इथे कुणीतरी श्वास घेतंय."

काका घेत असतील, बाई म्हणाल्या. वाजवणारा श्वास घेणारच. पण धाकटीचे कान हाच तिचा धंदा. ती म्हणाली, काकांचा श्वास गजाबरोबर चालतो, गज वळला की ते घेतात. हा दुसरा आहे, फोनपासून लांबचा. तिने टेक ओळीने लावले. पहिल्या शांत टेकमध्ये तो श्वास सावकाश होता. त्याच सकाळच्या दुसऱ्यात थोडा घाईचा. चौथ्यात तो आखूड, वरच्यावर, कुणी जिना चढून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशीचे टेक लावले. तसंच. प्रत्येक वेळी पहिल्याहून शेवटचा वाईट.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्या म्हणाल्या, पुढचं लाव.

पुढच्या टेकला काका रेकॉर्डिंग थांबवायला विसरले होते. सूर संपला की बाई टेक बंद करायच्या, म्हणून हा शेवट त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. सूर संपला, शिकवल्याप्रमाणे निश्चल शांतता आली, त्या शांततेत तो श्वास भात्यासारखा चालला होता. मग इअरफोन काढून ठेवल्याचा खुट्ट आवाज, आणि लगेच काकांचा घाबरा आवाज, अगं, अगं थांब, लावतो. एक कळ दाबली गेली. बीप झाला. घुंऽऽ सुरू झालं. आणि फुस्स.

"नळी नीट बसव नाकाला," काका म्हणत होते. "घे. सावकाश घे."

मग काकूंचा आवाज आला. दोन शब्द, मग श्वास. दोन शब्द, मग श्वास. "झालं का... नीट? नसेल तर... अजून एकदा घ्या. मी आहे."

धाकटीने हात पुढे करून आवाज बंद केला. मासे नव्हते. कधीच नव्हते. काकूंच्या नाकाला प्राणवायू पुरवणारं यंत्र होतं, आणि बाईंच्या शब्दाखातर ते रोज बंद होत होतं, टेकमागून टेक. आणि काकांच्या कानात इअरफोन, त्यात बाईंचा आधारसूर. मोटरची घरघर त्यातूनही शिरायची, पण मागचं बारीकसं काही त्यांना वाजवताना ऐकूच येत नव्हतं. ते ऐकू येऊ नये अशीच तर बाईंनी व्यवस्था केली होती.

बाईंनी फोन उचलला. काकांचा नंबर लागेना. आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती, वगैरे. पुन्हा लावला. पुन्हा तेच. फोन विमानाच्या खुणेवर होता. काका या क्षणी वाजवत होते. सूर बसेपर्यंत, लागेल तेवढा वेळ.

धाकटीने नोंदणीतून लेकीचा नंबर काढला. लेक कामावर होती. बाईंनी धड सुरुवातही न करता सांगून टाकलं, तुमच्या आईचं मशीन बंद आहे, आत्ताच्या आत्ता कुणाला तरी घरी पाठवा. लेकीला आधी काही कळेना. मशीन बंद कसं असेल, ती म्हणाली, बाबा ते क्षणभरही बंद ठेवत नाहीत. मग बाईंनी बाकीचं सांगितलं.

"तुम्ही सांगितलंत बंद करायला?" लेकीने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता तिने शेजाऱ्यांना लावण्यासाठी फोन ठेवला.

दोघी बहिणी तिथेच उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कुणीतरी मोकळ्या बाटल्यांची गोणी ओढत नेत होतं. बाई काकांचा नंबर लावत राहिल्या. मग हातातला फोन थरथरला. फोन नव्हता, फाइल होती. काकांचा टेक. खाली लिहिलं होतं, "बाई, आज लागला. मागे काहीच आवाज नाही."

बाईंनी फाइल उघडली नाही. त्यांनी नंबर लावला, आणि आता तो लागला. काका आनंदात होते. ऐकलंत का, विचारू लागले. बाई ओरडल्या, काका, आधी मशीन लावा. काका म्हणाले, लावतोच आहे, हिचा डोळा लागलाय जरा, दमली बिचारी. मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी काकूंना हाक मारली. एकदा हळू, मग मोठ्याने. मग दारावर कुणीतरी धाडधाड हात मारू लागलं, शेजारी पोचले होते.

काकू दवाखान्यात गेल्या आणि पुन्हा घरी आल्या नाहीत. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं म्हणे, फुप्फुसं मुळातच संपत आली होती, फार दिवस नव्हतेच. लेकीने हे बाईंना कळवलं, कोरड्या दोन ओळींत. बाईंची समजूत काढायला कळवलं की आणखी कशासाठी, ते कळलं नाही. बाईंची समजूत निघाली नाही. फार दिवस नसतात तेव्हा एकेक दिवसाची किंमत किती असते, हे न कळायला त्या काही लहान नव्हत्या.

वृंद ऐकवायचा दिवस त्यांनी पुढे ढकलला, कारण कुणालाच सांगितलं नाही. त्या व्हायोलिनला हात लावत नव्हत्या. धाकटी जेवणाचं ताट पुढे सरकवायची, त्या ते थोड्या वेळाने मागे सरकवायच्या.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. बाईंना वाटलं, आता शिव्या येतील, आणि याव्यात असंही वाटलं. काका मात्र नेहमीसारखेच अदबीने बोलले. लेक चार दिवस राहून परत गेली म्हणाले. घर शांत शांत वाटतं म्हणाले. आणि मग विचारलं, "बाई, तो शेवटचा टेक कसा होता? हिची फार इच्छा होती."

बाईंनी अजून तो ऐकलाच नव्हता. ऐकते आणि सांगते, म्हणाल्या. धाकटी घरात नव्हती. त्यांनी एकटीनेच हेडफोन चढवले.

पंचम लागला होता. असा लागला होता की त्यावर कुणीही निर्धास्त उभं राहावं. गज कुठे थरथरला नाही, सूर कुठे ढळला नाही. मागे मोटर नव्हती. श्वास होता, तो सुरुवातीपासूनच आखूड होता. आणि निम्म्यावर, काका सूर लांबवत असताना, मागून हाक आली.

"अहो."

काकांचा गज सरळ चालत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा, आधीपेक्षा लहान आवाजात, "अहो. लावा आता." गज वळला, सूर पुढे गेला, नितळ, भरदार. पुढे हाक नव्हती. सूर संपल्यावर काका शिकवल्याप्रमाणे स्तब्ध राहिले होते, नेहमीपेक्षाही जास्त वेळ.

बाईंनी हेडफोन काढले. काकांचा नंबर लावताना त्या दोनदा चुकल्या. काकांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"तुम्ही ऐकलात का काका, तुमच्या फोनवर?"

"नाही बाई. धीर होत नाही. म्हटलं तुम्हीच सांगाल."

बाईंनी डोळे मिटले. खरं सांगितलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य त्या हाकेत काढणार. नाही सांगितलं तर ती हाक एकट्या बाईंच्या घरी राहणार.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "पंचम अगदी बरोबर लागलाय. मागे काही आवाज नाही."

पलीकडे काका रडत असावेत. मग बाई शिकवताना जसा आवाज लावायच्या, तसा आवाज लावून म्हणाल्या की फोनवर तो टेक तितका चांगला ऐकू येणार नाही, माझ्याकडे आलाय, मी नीट करून पाठवीन, तेव्हाच ऐका. तुमच्याकडचा पुसून टाका.

"पुसू?" काकांनी विचारलं.

"हो काका. आत्ताच पुसा."

"बरं," काका म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं, बाई." आणि फोन कानापासून दूर धरून त्यांनी विचारलं, कुठलं बटण दाबायचं.

बाईंनी सांगितलं.